दुपारच्या झोपेतला झटका

शिरूरच्या एका डॉक्टरीणबाईंचे उपकार माझ्यावर आहेत. आधी ते सांगतो, मग बाकीचं. एसटी स्टँडापासून चालत पाच मिनिटांवर त्यांचा दवाखाना होता. बाहेर लाकडी बाक, आत पांढऱ्या पडद्यामागं तपासायचं टेबल. वयानं माझ्या आईएवढ्या. त्यांनी मला एकदाच पाहिलं, तेही जेमतेम अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी त्यांच्याशी सरळ खोटं बोललो, आणि त्या खोट्याला धरूनच त्यांनी मला त्यातून बाहेर काढलं. मी फार शिकलेला नाही. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा लिहिण्यात कमीजास्त झालं तर समजून घ्यावं. पण बाईंचं श्रेय आधी मांडल्याशिवाय पुढचं लिहायला हात धजत नाही, कारण पुढचं सगळं माझ्या पापाचं आहे.

मी भंडाऱ्याकडचा, तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखातला. दौंडला आलो तेव्हा तेविशीत होतो. बाहेरगावचे ड्रायव्हर-फायरमन गाडी आणून इथं झोपत, त्या रनिंग रूममध्ये मला बदली नोकर म्हणून काम मिळालं. लोखंडी खाटा, मच्छरदाण्या, खिडक्यांना जाड पडदे, कारण तिथं येणारा माणूस रात्रभर इंजिन चालवून दिवसा झोपायचा. चादरी बदलायच्या, पाणी भरायचं, चहा द्यायचा आणि वेळ झाली की उठवायचं. उठवण्याची तिथली एक रीत होती. झोपलेल्या माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही. खाटेचा पाय दोनदा वाजवायचा आणि मागं सरायचं. दिवसभर लोकांच्या झोपा राखायचं माझं काम, आणि माझी स्वतःची झोप मात्र तुकड्यातुकड्यांची. पहाटे दोन तास, दुपारी दीड तास, मधल्या वेळेत चहावर चहा.

मी राहायचो एका खोलीत, भाड्यानं, आणखी एकासोबत. तो दौंडच्या शेडचा फायरमन. राहूचा, तिथल्या बौद्धवस्तीतला, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. घराण्यात इंजिनावर चढलेला तो पहिला. फावडंभर कोळसा भट्टीत कुठं आणि कसा फेकायचा हे तो मला खोलीत चमच्यानं साखर फेकून दाखवायचा. मी बोलताना शेवटी ‘जी’ लावतो, त्याची तो थट्टा करायचा. ‘‘आलं का आमचं होयजी?’’ असं म्हणत डब्यातली अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवायचा. गावाहून आई भेटायला आली की तिनं आणलेलं वांगं आधी माझ्या ताटात. परक्या मुलखात मला कुणी घरचं होतं तर तो.

आता आजाराचं सांगतो.

दौंडला येऊन वर्ष होत आलं आणि मला दुपारी झोपताना झटके यायला लागले. डोळा लागतो ना लागतो, तेवढ्यात वाटायचं की आमच्या गावच्या तळ्याच्या बांधावरून पाय निसटला. खाली पाणी, आणि मी पडतोय. पडतापडता अंग असं उडायचं की खाट करकरायची. पाय झाडला जायचा. मग जाग, छातीत धडधड, अंगाला घाम. पहिल्यांदा झालं तेव्हा हसलो. रोज व्हायला लागलं तेव्हा हसू गेलं.

कारण माझ्या चुलत्याला मिरगी होती. लहानपणी मी त्याला अंगणात तडफडताना पाहिलं होतं. दात बसलेले, तोंडाला फेस, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतंय, कुणी चप्पल. त्याला कुणी मुलगी दिली नाही, बांधावर एकटं कुणी जाऊ दिलं नाही, आणि शेवटी तो तळ्यातच गेला. म्हणून झटका आला की मला तळंच दिसत असेल का, असं आता मनात येतं. तेव्हा एकच कळत होतं, चुलत्याचं माझ्यात उतरलं. आणि चार महिन्यांनी मला कायम करायचं होतं. कायम करण्याआधी मेडिकल. मिरगीवाल्याला रेल्वे कशाला ठेवील?

कुणाला तरी विचारल्याशिवाय राहवेना. आणि माझ्याबद्दल म्हणून विचारायची छाती होईना.

रनिंग रूमचा स्वयंपाकी होता, त्याला सगळे मामा म्हणत. ड्रायव्हर लोक आपापला शिधा घेऊन यायचे, मामा शिजवून द्यायचा. वीस वर्षं रेल्वेत काढलेला, त्याला सगळ्यातलं सगळं ठाऊक. एका सकाळी तो कणीक मळत होता, मी शेजारी बसून कांदे सोलत होतो.

‘‘मामा,’’ मी म्हणालो, ‘‘झोपेत माणूस उडतो, म्हणजे काय असते जी?’’

‘‘कोण उडतंय?’’

‘‘एक जण.’’

‘‘एक जण म्हंजी कोण? का तूच?’’

त्यानं सहज विचारलं. पण माझी जीभ त्याच्याआधी पळाली. ‘‘मी नाही जी. आमच्या खोलीतला. फायरमन.’’

मामाचा हात कणकेत थांबला. ‘‘फेफरं हाय म्हन की त्याला. आन् त्यो इंजिनावर चढतोय?’’

मी म्हणालो, तसं नसेल. पण तेव्हा उशीर झाला होता. आणि खरं लिहायचं तर मी जोर लावून म्हणालोही नाही. माझा आजार माझ्या अंगावरून उतरून दुसऱ्याच्या अंगावर बसला, तेवढ्यापुरतं मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

मामाच्या मनात वाईट नव्हतं. त्यानं एका ड्रायव्हरला काळजीनं सांगितलं, ड्रायव्हरनं दुसऱ्याला. चार दिवसांत शेडमध्ये पोचलं. चालत्या इंजिनावर, एका बाजूला उघडी भट्टी, दुसऱ्या बाजूला मोकळं दार, तिथं फेफरं येणारा माणूस कोण घेईल? एका ड्रायव्हरनं फोरमनला तोंडावर सांगितलं, ‘‘ह्याला माझ्या गाडीवर देऊ नका, तो पडंल आन् मला घिऊन जाईल.’’ फोरमननं रीतीप्रमाणं केलं. फायरमनला इंजिनावरून उतरवलं, मेडिकलचा कागद हातात दिला, आणि निकाल लागेपर्यंत शेडच्या राखेच्या खड्ड्यावर लावलं. आलेल्या इंजिनाची राख ओढायची. शंटर, म्हणजे यार्डातल्या यार्डात इंजिन चालवणारा, होण्यासाठीची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. त्याचा नंबर लागलेला होता. शंटर झाला की पुढं ड्रायव्हर.

त्या दिवशी तो खोलीवर आला तो राखेनं पांढरा होऊन. हातपाय धुतले आणि डबा उघडला. डब्यात भाकरीवर एक अख्खा कांदा ठेवलेला. शेडमधल्या कुणीतरी थट्टेनं घातलेला.

‘‘फेफऱ्याचं औषध,’’ तो म्हणाला. तो कांदा त्यानं बुक्की मारून फोडला आणि भाकरीशी खाल्ला. अर्धा मला दिला.

मग म्हणाला, ‘‘कुणी सांगितलं आसंल रं? माझ्या आयुष्यात मला फेफरं न्हाई. कोण उठलंय माझ्यावर?’’

मी म्हणालो, ‘‘कुणास ठाऊक जी.’’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते कांद्यानं, असं त्याला वाटलं असावं.

रेल्वेच्या डॉक्टरांकडं तो दोनदा जाऊन आला. साहेब चांगले होते, पण त्यांच्या समोरची अडचण वेगळीच होती. हा म्हणायचा मला काही होत नाही. साहेब म्हणायचे, फिट येणाऱ्याला स्वतःला कळत नसतंच, नंतर आठवतही नसतं. तेव्हा तुझ्या ‘नाही’ला अर्थ नाही. ज्यानं पाहिलंय त्याला आण. न पाहिलेल्या पन्नास माणसांपेक्षा पाहिलेला एक माणूस मला हवा.

‘‘आता पाह्यलेला मानूस कुठनं आनू?’’ तो मला म्हणाला. ‘‘खोलीत तर आपुन दोघंच. तू कवा पाह्यलंस का मला उडताना?’’

‘‘नाही जी.’’

‘‘मग तूच चल की. सांग सायबाला.’’

मी म्हणालो, जाऊ. उद्या जाऊ. उद्या ड्यूटी आहे, परवा जाऊ. असे पाच दिवस घालवले. साहेबांनी विचारलं असतं, मग ही आवई उठली कुठून? आणि मामा एका हाकेवर होता. त्या पाच दिवसांत माझे झटके दुप्पट झाले. दुपारी पडलो की दोनदा-तीनदा बांधावरून पडायचो. शेवटी झोपायचीच भीती वाटायला लागली, म्हणून आणखी चहा प्यायला लागलो.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळची एसटी धरली आणि न्हावऱ्यावरून शिरूरला गेलो. दौंडात डॉक्टर होते, पण दौंडात मला ओळखणारेही होते. शिरूरच्या बाई नसांच्या आजाराचं चांगलं पाहतात असं एका प्रवाशानं बोलताबोलता सांगितलेलं होतं, तेवढ्यावर गेलो.

माझा नंबर आला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘काय होतंय?’’

‘‘मला नाही जी. आमच्याकडे एक फायरमन आहे, त्याचं विचारायचं होतं.’’

‘‘मग फायरमन कुठाय?’’

‘‘त्याला सुट्टी नाही.’’

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बस. सांग त्याचं.’’

मी झटक्याचं सांगितलं. त्यांनी एकेक विचारत नेलं. झटका कधी येतो, झोप लागतालागता की गाढ झोपेत? लागतालागता. एकदा येऊन थांबतो, की अंग झडतच राहतं? एकदा, फार तर दोनदा. जागेपणी, चालताना, काम करताना हातातलं भांडं कधी उडालंय? नाही. झटक्यानंतर जाग येते का? लगेच. आपण कुठं आहोत ते कळतं? कळतं जी, खाट दिसते, खिडकी दिसते. जीभ चावली जाते? अंथरूण ओलं होतं? उठल्यावर अर्धा-एक तास डोकं गुंगल्यासारखं, माणसं न ओळखण्यासारखं? नाही, नाही.

‘‘पडल्यासारखं वाटतं का?’’

‘‘वाटते जी.’’

‘‘कुठून?’’

‘‘तळ्याच्या बांधावरून. आमच्या गावच्या…’’ मी थांबलो. ‘‘त्याच्या गावच्या.’’

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. वर पाहिलं नाही. ‘‘घरात कुणाला फिट?’’

मी चुलत्याचं सांगितलं. तोंडाचा फेस, कांदा, तळं, सगळं. एका फायरमनच्या चुलत्याबद्दल एवढं कोण सांगतं? त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘टेबलावर झोप बघू. तो फायरमन कसा पडतो ते मला दाखव.’’ मी आडवा झालो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरी टाकली, जीभ बाहेर काढायला लावून तिच्या कडा पाहिल्या, हात पुढं धरायला सांगितले. मी आपला फायरमनच्या वतीनं सगळं करत गेलो.

मग स्टुलावर बसवून त्यांनी समजावलं. त्यांचं बोलणं मला जवळजवळ शब्दाला शब्द आठवतं.

‘‘दौंडला राहतोस ना? तिथं गाडीचं इंजिन बदलतात, पुढचं काढून मागं दुसरं लावतात, हे पाहिलंयस?’’

‘‘रोजच पाहतो जी.’’

‘‘दुसरं इंजिन डब्याला लागतं तेव्हा काय होतं?’’

‘‘धक्का बसते.’’

‘‘धक्का बसला म्हणून गाडी रुळावरून घसरते का?’’

‘‘नाही जी.’’

‘‘तसंच आहे. मेंदूत जागं ठेवणारा एक भाग आहे आणि झोपवणारा एक. बटण दाबल्यासारखी झोप येत नाही. एक हळूहळू सुटतो, दुसरा हळूहळू लागतो. अंग सैल पडत जातं, श्वास संथ होतो. या अदलाबदलीत कधीकधी मेंदूच्या खालच्या बाजूनं एखादा चुकार हुकूम स्नायूंना सुटतो, आणि सैल पडलेलं अंग एकदम आवळतं. तो तुझा झटका. तुझा म्हणजे त्या फायरमनचा.’’

‘‘आणि पडणं?’’

‘‘अर्धं मन तोवर स्वप्नात गेलेलं असतं. अंग सैल होतंय याचा अर्थ ते ‘मी पडतोय’ असा लावतं, असं काही जण म्हणतात. मग ज्याला ज्याची भीती तिथून तो पडतो. कुणी जिन्यावरून, कुणी झाडावरून. अगदी नक्की कसं होतं ते आम्हा डॉक्टरांनाही पुरतं ठाऊक नाही, उगीच ठाऊक आहे म्हणणार नाही. पण याला फिट म्हणत नाहीत, याची फिट होत नाही, यानं मेंदूला काही इजा होत नाही, हे नक्की. बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी होतं. मला होतं. आमच्या डॉक्टरांना विचार, लग्नाला तीस वर्षं झाली, लाथा खाताहेत.’’

मी हसलो नाही. मला रडू आलं होतं.

‘‘रोज का होते मग?’’

‘‘चहा किती पितो तो?’’

‘‘दहा-बारा.’’

‘‘तंबाखू?’’

माझ्या खिशातली चंची त्यांना दिसत होती. मी मान हलवली.

‘‘तुकड्यातुकड्यांची झोप, दमलेलं अंग, त्यावर दहा चहा, आणि वर काळजी. झटक्याची काळजी करतो म्हणून झोप लागत नाही, झोप नाही म्हणून झटका जास्त. त्याला सांग, दुपारनंतर चहा बंद, तंबाखू कमी, रोज जमेल तेवढं ठरल्या वेळी झोपायचं. झटका आला तर ‘इंजिन लागलं’ म्हणून कूस बदलायची. औषध नाही. आणि जागेपणी झटके यायला लागले, किंवा जीभ चावली गेली, तर मात्र यायचं. पण ते होईल असं मला दिसत नाही.’’

मग मी बाकीचं सांगितलं. राखेचा खड्डा, परीक्षा, साहेबांना हवा असलेला साक्षीदार. कुणी आवई उठवली तेवढं सोडून सगळं. बाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली. इंग्रजीत भरभर लिहीत गेल्या, कधी येतो, किती वेळ, काय नाही, तपासणीत काय आढळलं. खाली सही केली. वर नावाची जागा तशीच सोडली आणि पेन हातात धरून थांबल्या.

‘‘मी ज्याला तपासते त्याचंच नाव लिहिते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आज मी एकालाच तपासलंय.’’

मी खाली पाहत राहिलो. बाहेर बाकावर एक लहान मूल खोकत होतं.

त्यांनी नाव विचारलं नाही. पेनाला टोपण लावलं, चिठ्ठीची घडी केली आणि माझ्या हातात दिली. ‘‘दौंडला पोचेपर्यंत सुचलं तर तू घाल. नाही सुचलं तर फाडून टाक. दुसऱ्या कुणाचं मात्र घालू नको.’’

परतीच्या एसटीत ती चिठ्ठी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. खिडकीपाशी मला डुलकी लागली आणि न्हावऱ्याच्या अलीकडं मी बांधावरून पडलो. शेजारच्या म्हाताऱ्याच्या टोपलीला लाथ बसली. ‘‘आरं, वांगी हायती,’’ तो म्हणाला. ‘‘पडलास व्हय? मी बी रोज पडतोय, हिरीत.’’ आणि टोपली दुसऱ्या बाजूला ठेवून तो पुन्हा झोपला.

एवढा वेळ बाईंनी समजावलेलं डोक्यात गेलं होतं, ते तेव्हा अंगात उतरलं. आणि लगेच दुसरं उतरलं. जी गोष्ट म्हातारा टोपली सरकवून विसरला, तिच्यासाठी मी एका माणसाला राखेत उभं केलं होतं. दौंडच्या स्टँडवर कंडक्टरकडून पेन मागून घेतलं आणि रिकाम्या जागेत माझं नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि फायरमन रेल्वेच्या दवाखान्यात गेलो. मी साक्ष द्यायला आलोय एवढंच त्याला ठाऊक होतं. साहेबांनी चिठ्ठी वाचली. नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

‘‘हे तुझं नाव?’’

‘‘होय जी. झटके मला येतात. यांना नाही. मी भिऊन यांचं नाव सांगितलं.’’

फायरमन माझ्याकडं पाहत होता, हे मला न बघता कळत होतं.

साहेबांनी मला तेच प्रश्न विचारले, त्याच क्रमानं नाही, पण तेच. मग चिठ्ठी टेबलावर टाकून म्हणाले, ‘‘बरोबर लिहिलंय त्यांनी. यात आजार काही नाही. मला स्वतःला होतं, नाइट ड्यूटी झाली की.’’ फायरमनच्या कागदावर त्यांनी तिथंच शेरा मारला, इंजिनावर घ्यायला हरकत नाही. मला म्हणाले, ‘‘तुझ्या मेडिकलला यानं अडणार नाही. पण हे आधी येऊन मला सांगितलं असतंस तर दोन मिनिटांचं काम होतं.’’

दोन मिनिटांचं काम. बाहेर आल्यावर आम्ही रुळांच्या कडेनं चालत राहिलो. शेडच्या फाटकापाशी तो थांबला.

‘‘तू व्हतास व्हय,’’ एवढंच तो म्हणाला. प्रश्नही नव्हता तो.

‘‘चुकलं जी.’’

‘‘जी म्हनू नको मला.’’

परीक्षा तीन दिवसांपूर्वी होऊन गेली होती. त्याच्या जागी मागच्या नंबरच्या माणसाला बोलावलं होतं. पुढची बारी यायला वर्षावर गेलं. तो शंटर झाला, पुढं ड्रायव्हरही होईल, पण त्याच्यामागून भरती झालेला माणूस कायमचा त्याच्या पुढं राहिला. माझ्यामुळं. हे कुठल्या चिठ्ठीनं भरून निघत नाही.

खोली त्यानं सोडली नाही. आठ दिवस बोलला नाही, डबा एकट्यानं खाल्ला. मी मामाला घेऊन शेडमध्ये गेलो आणि त्याच्या देखत, ड्रायव्हर लोकांच्या देखत सांगितलं की झटके माझे होते. मामानं मला शिव्या दिल्या आणि मग स्वतःलाही दिल्या. नवव्या दिवशी दुपारी मी जागाच पडलो होतो. फायरमन रात्रपाळी करून येऊन समोरच्या खाटेवर आडवा झाला. डोळा लागतोय तोच त्याचा पाय ताडकन उडाला, खाटेच्या गजावर आपटला. तो उठून बसला, इकडंतिकडं पाहिलं, मला जागा पाहिलं.

‘‘इंजिनावरनं पडलो,’’ तो म्हणाला. पाय चोळला. थोड्या वेळानं भिंतीकडं तोंड करून म्हणाला, ‘‘जा, सांग मामाला.’’

त्या वाक्यात राग किती होता आणि थट्टा किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. संध्याकाळी त्यानं अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली.

मला कायम केलं. दुपारनंतरचा चहा सोडला, तंबाखू सुटली नाही पण कमी झाली. झटके महिन्या-दोन महिन्यांनी एखादा येतो. आला की कूस बदलतो. रनिंग रूममध्ये कुणी झोपता झोपता उडून उठला आणि लाजून इकडंतिकडं पाहू लागला, की मी जवळ जाऊन सांगतो, मलाही होते जी, काही नाही ते.

बाईंकडं मात्र मी परत गेलो नाही. या गोष्टीला सहा वर्षं होतील. शिरूरला दोनदा जाणं झालं, दवाखान्यावरून चालतही गेलो, बाक तोच होता, पण आत पाऊल पडलं नाही. त्या दिवशी त्यांना सगळं कळलं होतं, हे मला ठाऊक आहे. तरी माझ्या तोंडून त्यांना ते मिळालेलं नाही. येत्या दिवाळीला गावी जाईन तेव्हा आमच्याकडचा चिन्नोर तांदूळ एक पायली बाजूला काढीन. तो घेऊन शिरूरला जाईन, बाकावर नंबर लावीन, आणि बाईंनी ‘‘काय होतंय?’’ विचारलं की आधी माझं नाव सांगीन.